बिल्ला हरवला तर चप्पल कुणाची? देवस्थानच्या चप्पल स्टँडवरच्या पाटीचा हिशेब

देवळाबाहेर चप्पल गेली की घरातलं वडीलधारं माणूस हमखास म्हणतं, "जाऊ दे, इडापिडा गेली." सौंदत्तीचा डोंगर असो, जोतिबा असो की गोव्यातलं एखादं देवस्थान, अनवाणी परतलेल्या भक्ताची समजूत घालायला हे एक वाक्य पुरतं. शनीच्या देवळात तर काहीजण मुद्दाम चप्पल सोडून येतात. त्यामुळे चप्पल गेल्याची तक्रार सहसा कुणी करत नाही, आणि तक्रार होत नाही म्हणून स्टँडवरच्या पाटीकडेही कुणी नीट बघत नाही.

मात्र ज्या स्टँडवर पैसे घेतले जातात, बिल्ला दिला जातो आणि पलीकडचा पोरगा चप्पल उचलून खणात ठेवतो, तिथं गोष्ट इडापिडेची राहत नाही, व्यवहाराची होते. पाटीवर मजकूर साधारण ठरलेला असतो. जोडाला अमुक रुपये, बिल्ला सांभाळून ठेवा, बिल्ला हरवल्यास दंड, आणि सगळ्यात खाली, बहुतेक वेळा लाल रंगात, "चप्पल हरवल्यास देवस्थान जबाबदार नाही." भांडण होतं ते या शेवटच्या ओळीवरून. आणि कायद्याच्या नजरेनं पाटीवरची सगळ्यात कच्ची ओळही तीच आहे.

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्यात एकाची वस्तू दुसऱ्यानं ठरावीक कामासाठी ताब्यात घेणं आणि काम झाल्यावर परत करणं या व्यवहाराला वेगळं प्रकरण दिलेलं आहे. कलम १४८ त्याची व्याख्या सांगतं. लाँड्रीवाल्याकडे टाकलेली साडी, गॅरेजमध्ये लावलेली गाडी आणि स्टँडवर दिलेलं पायताण ही तिन्ही याच घरातली. कलम १५१ म्हणतं की ताब्यात घेणाऱ्यानं ती वस्तू, साधारण शहाणा माणूस स्वतःची तशीच वस्तू जितकी जपेल, तितकी जपली पाहिजे. हे कलम अशा सगळ्याच व्यवहारांना लागू आहे, फुकटच्या आणि पैशाच्याही. म्हणजे "सेवा मोफत आहे, मग जबाबदारी कसली?" हे उत्तर इथं चालत नाही. कलम १५२ स्टँडवाल्याच्या बाजूचं आहे. एवढी काळजी घेऊनही वस्तू गेली किंवा बिघडली, तर तो देणं लागत नाही. यात्रेत अचानक वादळी पाऊस आला, मांडव पडला, चपला वाहून गेल्या, तर त्याच्याकडे बोट दाखवता येणार नाही.

"आम्ही जबाबदार नाही" असं छापल्यानं काय होतं, यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, फक्त तो चपलेचा नाही, मोटारीचा आहे. १९९८ साली दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात आलेल्या एका पाहुण्यानं गाडी हॉटेलच्या माणसाकडे लावायला दिली. परत आला तेव्हा गाडी दुसरंच कुणीतरी घेऊन गेलं होतं. पार्किंगच्या चिठ्ठीवर हॉटेल जबाबदार नसल्याचं छापलेलं होतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयानं सांगितलं की गाडी एकदा ताब्यात घेतल्यावर स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला चिठ्ठीवरच्या ओळीनं झटकता येत नाही. काळजी घेतली होती हे दाखवणं हे वस्तू ताब्यात घेणाऱ्याचं काम, गिऱ्हाइकाचं नाही. त्याआधी मद्रास उच्च न्यायालयापुढं एका लाँड्रीची पावती आली होती. कपडा हरवल्यास किमतीच्या फक्त १५ टक्के मिळतील असं पावतीच्या मागं छापलेलं, आणि हरवली होती नवी साडी. ती अट न्यायालयानं मानली नाही. मालकाला साडी हरवूनसुद्धा फायदाच होईल अशी अट कायदा उचलून धरणार नाही, असा त्याचा अर्थ.

गाडीला जे लागू ते पायताणाला लागू, रक्कम तेवढी लहान. पण इथं एक फरक नीट लक्षात घ्यावा लागतो. बऱ्याच देवळांत भिंतीला लावलेला मोकळा लोखंडी रॅक असतो. आपण आपल्या हातानं चप्पल ठेवायची, आपल्या हातानं उचलायची, मध्ये कुणी नाही. तिथं चप्पल कुणाच्या ताब्यात दिलेलीच नसते, फक्त जागा वापरलेली असते. अशा ठिकाणी "आपल्या जबाबदारीवर ठेवा" ही पाटी बरोबर आहे. काउंटर, माणूस आणि बिल्ला आला की चित्र बदलतं. पूजेच्या सामानाच्या दुकानात "नारळ इथं घ्या, चप्पल इथंच सोडा" म्हणतात ते या दोन्हींच्या मधलं. दुकानदारानं स्वतः चप्पल घेऊन आत ठेवली तर त्याची जबाबदारी मानता येते, पण बिल्ला नाही, पावती नाही, म्हणून सिद्ध करणं कठीण. सीमाभागातल्या बहुतेक जत्रांत निम्म्या चपला अशाच दुकानांपुढं पडलेल्या असतात.

आता बिल्ल्याकडे. बिल्ला दोन कामं करतो. तो पावती आहे आणि किल्लीही आहे. घर बदललं तरी कुलपाची किल्ली तीच राहावी तसा तोच पितळी बिल्ला दिवसभरात पाचपंचवीस हातांतून फिरतो. त्यावर ना तारीख, ना नाव. म्हणून तो ज्याच्या हातात, चप्पल त्याची, एवढंच स्टँडच्या पोराला कळतं. गोल बिल्ल्यावर इंग्रजी आकडे कोरलेले असतील तर त्यात आणखी एक जुनी खोट आहे. ६८ नंबर उलटा धरला की ८९ वाचला जातो, ६६ चे ९९ होतात, १६ चे ९१. गर्दीत पोरगा बिल्ला जसा हातात येईल तसा वाचतो आणि भलत्याच खणातली पिशवी काढून देतो. पुढचा माणूसही घाईत, काळी प्लास्टिकची पिशवी सगळ्यांची सारखीच, तो तशीच घेऊन जातो. तासाभरानं ८९ चा मालक येतो तेव्हा चोरी झाल्याचा आरडाओरडा होतो. यात चोरी नसते, बिल्ल्याची घडण चुकलेली असते. आकड्याखाली एक रेघ मारली किंवा बिल्ल्याला वरच्या बाजूला एकच भोक ठेवलं तरी हा घोळ थांबतो. मराठी आणि कन्नड अंकही शेजारी कोरले तर म्हाताऱ्या माणसांची सोय होईल ती वेगळी.

खरी परीक्षा पौर्णिमेला असते. स्टँडला किती खण लागतात हे रोज किती लोक येतात यावर ठरत नाही. तासाला किती येतात आणि प्रत्येकाची चप्पल किती तास खणात राहते, या दोन आकड्यांच्या गुणाकारावर ते ठरतं. एक उदाहरण धरू. साध्या दिवशी तासाला १५० जोड येतात आणि दर्शन तासाभरात उरकतं, म्हणजे एका वेळी साधारण १५० खण भरलेले. देवस्थानानं ५०० खण केलेत, भरपूर वाटतात. पौर्णिमेला तासाला ६०० जोड येतात, म्हणजे गर्दी चौपट. पण रांग चार तासांची झालेली असते. तेव्हा लागतात २४०० खण. गर्दी चौपट, गरज सोळापट. पाचशे खणांचा रॅक सकाळी उघडल्यावर पन्नास मिनिटांत भरतो आणि पहिला माणूस दर्शन करून परत यायला अजून तीन तास असतात.

पुढं जे होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. खण संपले की पोती निघतात. एका बिल्ल्यावर तीन घरांच्या चपला, जमिनीवर दोरीत ओवलेले जोड, "त्या कोपऱ्यात ठेवा, कोण नेत न्हाई." पैसे मात्र जोडाचे तेवढेच किंवा जास्त. कर्नाटकात जून २०२३ पासून राज्यातल्या महिलांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला आणि देवस्थानांची गर्दी वाढली. मार्गशीर्ष आणि माघातल्या पौर्णिमांना सौंदत्तीला महाराष्ट्र-गोव्यातून जाणाऱ्या गाड्या पूर्वीपासूनच आहेत, त्यात ही भर. अशा दिवशी खण भरले की बिल्ला देणं बंद करून "स्टँड भरला आहे" असा फलक लावणं हेच योग्य. बिल्ला देऊन चप्पल कोपऱ्यात टाकली तर काळजी घेतली असं नंतर म्हणता येणार नाही.

पण फलक लावायला ठेकेदार का तयार होत नाही, हे समजायला त्याच्या वहीत डोकवावं लागतं. अनेक ठिकाणी स्टँड चालवण्याचा हक्क वर्षाच्या बोलीवर देतात. समजा बोली ६ लाखांची गेली. चार पोरं, महिन्याला प्रत्येकी १५ हजार, वर्षाचे ७ लाख २० हजार. म्हणजे १३ लाख २० हजार तर नुसते वसूल व्हायला हवेत. दर २ रुपये ठरला असेल तर वर्षाला ६ लाख ६० हजार जोड, रोजचे अठराशे. साध्या मंगळवारी-शुक्रवारी इतके येत नाहीत. मग भर पौर्णिमेवर पडतो. दोनचे पाच होतात, पाचाचे दहा, आणि परत घेताना "चहापाणी" वेगळं. दंडाची रक्कमही दंड न राहता उत्पन्नाची बाब बनते. यात एकट्या ठेकेदाराला दोष देऊन भागत नाही. चढी बोली आणि खालचा दर एकाच करारात लिहिणाऱ्यानं हा हिशेब आधीच करायला हवा होता. दर बिल्ल्यावरच कोरला, तर निदान गावातल्या पाटीवर एक आणि काउंटरवर दुसरा असं होणार नाही.

बिल्ला हरवल्याचा प्रसंग आता तपशिलात पाहू. तो कल्पित आहे, पण ओळखीचा वाटेल. चंदगड तालुक्यातलं पाच जणांचं कुटुंब सकाळी आठला स्टँडवर येतं. सासूबाई पाचही जोड एका पिशवीत घालून देतात, दहा रुपये भरतात आणि एक बिल्ला घेऊन ओटीच्या पिशवीत टाकतात. रांगेत भंडारा उधळला जातो, ओटी काढताना बिल्ला कुठंतरी पडतो. साडेबाराला परत आल्यावर लक्षात येतं.

"बिल्ला पडला वाटतं रे बाळा."

"मावशी, बिल्ल्याबिगर न्हाई मिळत. पन्नास रुपये दंड हाय, आणि गर्दी सरल्यावर या."

सून नंबर आठवते, ६८. पोरगा बघत नाही. ही मंडळी दीड तास सावलीत थांबतात. दोन वाजता खण बघितला तर रिकामा. मधल्या वेळात कुणीतरी ६८ चा बिल्ला आणून दिला आणि पिशवी नेली.

इथं जबाबदार कोण? पोरगा म्हणतो, बिल्ला दाखवला, दिली. सासूबाई म्हणतात, आम्ही आधी सांगितलं होतं. दोघांचंही बोलणं खरं असू शकतं, आणि निकाल एकाच प्रश्नावर फिरतो. पिशवी गेली ती साडेबाराच्या आधी की नंतर? आधी गेली असेल तर स्टँडची बाजू मजबूत आहे. ठरलेल्या रीतीनं त्यानं बिल्ला घेऊन माल दिला, आणि बिल्ला सांभाळणं गिऱ्हाइकाचं काम होतं. नंतर गेली असेल तर बाजू पालटते. बिल्ला भलत्याच्या हातात असल्याचं कळूनही खण अडवला नाही, याला काळजी घेणं म्हणत नाहीत. पण वेळ कुठंच लिहिलेली नाही. म्हणून भांडण आवाजावर जातं, ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो.

यावरचा उपाय शंभर पानी वही आणि लाल चिंधी एवढाच आहे. बिल्ला हरवल्याचं कुणी सांगितलं की वहीत नंबर, वेळ, नाव, फोन आणि चपलेची खूण लिहायची. त्याच मिनिटाला त्या खणावर लाल चिंधी बांधायची. आता तो बिल्ला घेऊन कुणीही आलं तरी थांबवून विचारायचं. खूण विचारताना पिशवी लपवून ठेवायची. "काळी चप्पल" म्हणजे खूण नव्हे, काळ्या तर शंभर असतात. माप काय, अंगठ्याचा पट्टा शिवलेला आहे का, टाच कुठल्या बाजूनं झिजलीय, पोराच्या बुटाची लेस कुठल्या रंगाची, पिशवीवर कुठल्या दुकानाचं नाव आहे, हे घरच्या माणसाला लगेच सांगता येतं आणि परक्याला येत नाही. पाच जोड पाच मापांचे असतील तर पाचही जणांना घालायला सांगितलं तरी पुरे. नंबर आठवत नसेल तर साधारण किती वाजता दिली यावरून पंचवीस-तीस खणांवर शोध येतो. हे सगळं करून, ओळखपत्र बघून, वहीत सही घेऊन चप्पल द्यावी. गर्दी सरेपर्यंत थांबा म्हणणंही चूक नाही, पण चिंधी आधी बांधायची.

दंडाचं काय? करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की आधी ठरवलेली दंडाची रक्कम असली तरी मिळायची ती वाजवी भरपाईच, ठरलेल्या रकमेच्या आतली. नवा बिल्ला करून घ्यायचा खर्च आणि शोधाशोधीची थोडी मजुरी एवढं समजण्यासारखं आहे. पन्नास रुपयांचा बिल्ला नसेल तर पन्नास रुपयांचा दंड कशाचा, हे विचारायला हरकत नाही. नंतर बिल्ला सापडून परत आला तर पैसे परत द्यायची सोयही पाटीवर असावी.

भक्ताच्या बाजूनं करायचं फार थोडं आहे. बिल्ला हातात आल्यावर फोनवर त्याचा फोटो काढावा, जमल्यास मागं खणही दिसेल असा. फोन आत नेता येत नसेल तर नंबर तळहातावर पेननं लिहावा, तोही घरातल्या दोघांच्या. फोटो म्हणजे बिल्ला नव्हे, त्यावर चप्पल मिळेलच असं नाही, पण नंबर आणि वेळ दोन्हींचा पुरावा मिळतो. साडेबाराला त्या सुनेकडे फोटो असता आणि तो तिनं तिथल्या तिथं दाखवला असता, तर पोराला मान वळवून खणाकडे बघावं लागलं असतं.

चप्पल गेलीच, तर भरपाई किती? नव्या जोडाची नव्हे, गेलेल्या जोडाची त्या दिवशी जी किंमत असेल ती. दोन वर्षं वापरलेल्या चपलेला दुकानातल्या किमतीचा हट्ट धरून चालणार नाही. चार हजारांचे बूट स्टँडवर दिले आणि काही सांगितलं नाही, तर त्यावरून वाद होणारच. "महागडी पादत्राणे असल्यास आधी सांगा" ही सूचना म्हणून रास्त आहे. मात्र अशी कुठलीही अट चप्पल देण्याआधी डोळ्यांसमोर आणि वाचता येईल अशी हवी. सीमाभागात हाच मुद्दा अडतो. पाटी कन्नडमध्ये, रांगेतली निम्मी माणसं मराठी वाचणारी. कर्नाटकच्या २०२४ च्या दुरुस्तीनं व्यापारी आस्थापनांच्या फलकांवर ६० टक्के कन्नड सक्तीचं केलं आहे, उरलेल्या ४० टक्क्यांत दुसरी भाषा लिहायला मनाई नाही. देवस्थानाला तेवढ्या जागेत दर आणि बिल्ल्याचे दोन नियम मराठीत बसवता येतात. अक्कलकोट किंवा पंढरपूरला येणाऱ्या कन्नड भक्तांसाठी महाराष्ट्रातल्या पाट्यांनाही हेच लागू पडतं.

तक्रार कुठं करायची हे राज्य ओलांडून जाणाऱ्यांना ठाऊक नसतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं एक मोठी सोय केली आहे. ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार देता येते. चंदगडच्या माणसाला बेळगावला खेटे घालायचे नाहीत, कोल्हापूरला चालतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. अट इतकीच की सेवा पैशाची हवी, मोफत स्टँड या कायद्यात बसत नाही. त्याला मग करार कायदा आणि दिवाणी दावा, म्हणजे चपलेपेक्षा वकील महाग. तीनशे रुपयांच्या चपलेसाठी आयोगापर्यंतही क्वचितच कुणी जाईल. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करणं आणि देवस्थानच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घेणं, एवढं बसायच्या आत होतं. अर्ज कुणाच्या नावानं द्यायचा ते ठिकाणावर अवलंबून. कर्नाटकातली अनेक मंदिरं मुजराई खात्याकडे आहेत, अंबाबाई आणि जोतिबा पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीकडे, गोव्यात महाजनांची समिती. ठेकेदार कोण हे भक्तानं शोधत बसायचं कारण नाही. बिल्ल्यावर देवस्थानचं नाव असेल तर अर्ज देवस्थानलाच.

या सगळ्यातून पाटीवर काय यायला हवं, ते दहा ओळींत बसतं. चप्पल काउंटरवर देऊन बिल्ला घ्या. जोडाला अमुक रुपये, यात्रेतही तेवढेच, एकदाच, देतानाच. पिशवी दिल्यास आत किती जोड ते मोजून सांगा. खण भरल्यावर बिल्ला दिला जाणार नाही. बिल्ला हरवल्यास लगेच काउंटरवर कळवा, वेळ वहीत लिहून घ्या. खूण पटवून, ओळखपत्र दाखवून, बिल्ल्याचे अमुक रुपये भरल्यावर चप्पल मिळेल. कळवण्याआधी तोच बिल्ला दाखवून कुणी चप्पल नेली असल्यास स्टँड जबाबदार नाही. बिल्ला असूनही चप्पल मिळाली नाही तर त्याच दिवशी कार्यालयात अर्ज करा. स्टँड रात्री अमुक वाजता बंद, राहिलेल्या चपला अमुक दिवस ठेवल्या जातील. आणि खाली एक फोन नंबर, जो उचलला जातो.

"जबाबदार नाही" हे शब्द यातही आहेत, फक्त ते एका ठरावीक प्रसंगापुरते आहेत आणि म्हणून टिकण्यासारखे आहेत. हा मजकूर रंगाऱ्याकडे देण्याआधी ठेक्याच्या अटींत जायला हवा. जिथं ठेका मार्चअखेर संपतो, तिथं नव्या बोलीची जाहिरात निघण्याआधी खणांची संख्या, यात्रेचा दर, वही आणि दंडाची रक्कम लिहून घेता येते. एकदा बोली सुटली की पुढचे बारा महिने पाटी ठेकेदाराची.